टक्के कशाचे?

सरावसंचात एकाखाली एक असे दोन प्रश्न छापलेले आहेत. पहिला: साखरेचा भाव २५ टक्क्यांनी वाढला, खर्च पूर्वीइतकाच ठेवायचा तर साखरेचा वापर किती टक्क्यांनी कमी करावा लागेल? दुसरा: साखरेचा भाव २५ टक्क्यांनी वाढला, खर्च १० टक्क्यांनी वाढू द्यायला घरचे तयार आहेत, तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा लागेल? पहिल्याचे उत्तर २० टक्के. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी ते बघताक्षणी सांगतो. दुसऱ्या प्रश्नात तोच विद्यार्थी अडखळतो आणि पुष्कळदा २५ मधून १० वजा करून १५ वर खूण करून मोकळा होतो. बरोबर उत्तर १२ आहे. पर्यायांत १५ मात्र हमखास असतो, कारण घाईत कोणती वजाबाकी केली जाईल हे पर्याय तयार करणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

शेकडेवारी आणि गुणोत्तर हे दोन घटक जवळजवळ प्रत्येक भरती परीक्षेत असतात. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. बँकेच्या लिपिक पदाच्या पूर्व परीक्षेत अंकगणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे असतात, तिथे तर अर्धे मिनिट झाले की पुढे सरकावे लागते. अशा वेळी ‘समजा किंमत क्ष मानू’ अशी सुरुवात करून चालत नाही. म्हणून झटपट रीती हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक झटपट रीत एका अटीवर उभी असते, आणि ती अट सूत्राच्या चौकटीत सहसा छापलेली नसते. प्रश्न वाचताना दोन गोष्टी शोधायच्या: हे टक्के कशाचे आहेत, आणि या सगळ्या बदलात न बदलणारे काय आहे. ही दोन उत्तरे हाती आली की रीत आपोआप सुचते, आणि ती कुठे लागू पडत नाही तेही कळते.

आधी हत्यारांबद्दल थोडे. पूर्वीच्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. अपूर्णांकांचे पाढेच ते. आजच्या परीक्षार्थीला त्यांची तशीच्या तशी गरज नसली, तरी टक्क्यांचा अपूर्णांक तोंडावर असणे मात्र लागते. ५० टक्के म्हणजे १/२ आणि २५ टक्के म्हणजे १/४ हे सगळ्यांनाच येते. त्यापुढे १२.५ टक्के म्हणजे १/८, ३७.५ टक्के म्हणजे ३/८, ६२.५ टक्के म्हणजे ५/८ आणि ८७.५ टक्के म्हणजे ७/८. तिनाच्या घरातले ३३ पूर्णांक १/३ टक्के म्हणजे १/३, आणि त्याच्या निम्मे १६ पूर्णांक २/३ टक्के म्हणजे १/६. सातवा हिस्सा म्हणजे १४ पूर्णांक २/७ टक्के, नववा म्हणजे ११ पूर्णांक १/९ टक्के. एवढे पाठ झाले की बहुतेक प्रश्नांतला गुणाकार गळून पडतो. ६४८ चे ३७.५ टक्के काढायचे, तर ६४८ ला ८ ने भागले की ८१, त्याची तिप्पट २४३. कच्च्या कामाला कागद लागला नाही.

पण अपूर्णांक केवळ आकडेमोड वाचवतो म्हणून मोलाचा नाही. टक्के अपूर्णांकात आले की ते लगेच ‘भागां’त बोलता येतात, आणि तिथे शेकडेवारी आणि गुणोत्तर हे दोन धडे एक होतात. २५ टक्के वाढ म्हणजे १/४ वाढ, म्हणजे चार भागांचे पाच भाग झाले. भावाचे जुने-नवे गुणोत्तर ४:५. आता साखरेचा पहिला प्रश्न बघा. यात न बदलणारा आहे खर्च. भाव गुणिले वापर म्हणजे खर्च, आणि तो तोच राहायचा तर भाव ज्या प्रमाणात चढला त्याच्या उलट प्रमाणात वापर उतरला पाहिजे. भाव ४:५, तर वापर ५:४. पाचातला एक भाग गेला, म्हणजे २० टक्के घट.

इथे एक सुटसुटीत नियम मिळतो: वाढ १/४ तर घट १/५, वाढ १/५ तर घट १/६, वाढ १/८ तर घट १/९. उलट जायचे तर भावाची घट १/५ आणि वापराची वाढ १/४. अंशात एक असेल तेव्हा छेदात एक मिळवायचा किंवा एक कमी करायचा. अंश एक नसेल, समजा भाव ४० टक्के वाढला, तर तो २/५ झाला. पाचाचे सात झाले, आता सातातले दोन कमी करायचे, घट २/७, म्हणजे २८ पूर्णांक ४/७ टक्के. हे सूत्र म्हणून पाठ करण्यासारखे आहे, पण ‘खर्च तोच’ ही अट त्याला चिकटवूनच पाठ करावे.

दुसऱ्या प्रश्नात ती अट मोडली आहे. खर्च १० टक्के वाढतो, म्हणजे १०:११. भाव ४:५. वापर म्हणजे खर्च भागिले भाव, तर वापराचे नवे प्रमाण ११/१० गुणिले ४/५, म्हणजे ४४/५०, म्हणजे शंभरात ८८. घट १२ टक्के. सूत्र बदलले नाही, नाते तेच राहिले. खर्च मात्र आता स्थिर नाही, म्हणून त्याचे गुणोत्तरही मांडावे लागले. पंधरा का चुकते, तेही इथेच दिसते. २५ टक्के भावाचे होते आणि १० टक्के खर्चाचे. दोन वेगवेगळ्या गोष्टींचे टक्के एकमेकांतून वजा करता येत नाहीत. २० टक्के वाढवून २० टक्के कमी केले की किंमत मूळ पदावर येते असे वाटते, त्यामागेही हीच चूक. वाढ जुन्या किमतीवर झाली, घट वाढलेल्या किमतीवर. ६/५ गुणिले ४/५ म्हणजे २४/२५, म्हणजे ४ टक्के तोटा.

न बदलणारे शोधण्याची सवय लावायला माझ्या मते बेदाण्याच्या प्रश्नाइतका चांगला प्रश्न नाही. तासगाव, सांगलीकडच्या वाचकांना तो घरचाच वाटेल. ताज्या द्राक्षांत ८० टक्के पाणी असते, बेदाण्यात १० टक्के पाणी उरते; तर ९० किलो द्राक्षांपासून किती किलो बेदाणा मिळेल? पर्याय असतात २७, २०, १८ आणि ६३. बरेच जण ८० मधून १० वजा करतात, ७० टक्के पाणी उडाले म्हणतात, ९० चे ७० टक्के ६३ काढतात आणि उरलेल्या २७ वर खूण करतात. तर्क ऐकायला ठीक वाटतो, पण ८० टक्के द्राक्षांच्या वजनाचे आहेत आणि १० टक्के बेदाण्याच्या वजनाचे. वजनच बदलले, मग त्यांची वजाबाकी कशी होणार?

वाळताना पाणी जाते, गर आणि साखर जागेवरच राहतात. न बदलणारा आहे हा सुका भाग. द्राक्षांत तो २० टक्के, म्हणजे ९० किलोत १८ किलो. हेच १८ किलो बेदाण्यातही आहेत, पण तिथे ते ९० टक्के आहेत. ज्याचे ९० टक्के १८, ते पूर्ण २०. उत्तर २० किलो. १८ हा पर्याय का ठेवला, तेही आता उघड आहे: अर्ध्या वाटेवर थांबलेल्या, बेदाण्यातले १० टक्के पाणी विसरलेल्या विद्यार्थ्यासाठी. झटपट मांडायचे असेल तर द्राक्षे गुणिले २० बरोबर बेदाणा गुणिले ९०, एवढी एक ओळ पुरते. शेतावर साधारण चार किलो द्राक्षांमागे एक किलो बेदाणा धरतात, ते ज्याला माहीत आहे त्याला २७ हे उत्तर बघूनच खटकेल.

दूध-पाण्याचे, आम्लाचे, सरबताचे, मिठाच्या द्रावणाचे कितीतरी प्रश्न याच घरातले. पाणी घातले तर दूध बदलत नाही. पाणी आटवले तर मीठ बदलत नाही. पण मिश्रणातून काही काढून घेतले आणि तेवढेच पाणी ओतले, तर मात्र दूधही गेले आणि पाणीही गेले. तिथे न बदलणारे म्हणजे भांड्यातले एकूण मिश्रण. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन प्रश्नांत वेगळ्या गोष्टी स्थिर असतात, आणि संचात त्यांना जोडीने ठेवले तर तो फरक एकदाच लक्षात येतो आणि कायमचा राहतो.

गुणोत्तराच्या प्रश्नांत घोटाळा थोडा वेगळा होतो. दोघांच्या उत्पन्नांचे गुणोत्तर ५:४, खर्चांचे ३:२, आणि प्रत्येकाची बचत ८,००० रुपये. तर उत्पन्ने किती? चटकन रीत अशी: पाचातून तीन गेले, दोन भाग म्हणजे ८,०००, एक भाग ४,०००, उत्पन्ने २०,००० आणि १६,०००. खर्च १२,००० आणि ८,०००. पडताळा जुळतो, विद्यार्थी खूश. मग पुढचा प्रश्न येतो: उत्पन्ने ५:४, खर्च ७:५, प्रत्येकाची बचत ९,०००. आता पाचातून सात कसे वजा करायचे? इथे कळते की पहिल्या प्रश्नात रीत चालली ती नशिबाने. उत्पन्नाचा एक भाग आणि खर्चाचा एक भाग हे मुळात वेगवेगळे भाग आहेत, त्यांची सरळ वजाबाकी करायला आधी ते सारखे करावे लागतात.

सारखे कसे करायचे? पुन्हा न बदलणारे शोधा. दोघांची बचत सारखी आहे, याचा अर्थ दोघांच्या उत्पन्नांतला फरक आणि खर्चांतला फरक एकच असला पाहिजे. उत्पन्नांत फरक ५ वजा ४, म्हणजे एक भाग. खर्चांत ७ वजा ५, म्हणजे दोन भाग. फरक सारखा करायला उत्पन्नाच्या गुणोत्तराला दोनने गुणा: १०:८. आता १० वजा ७ तीन, ८ वजा ५ तीन. तीन भाग म्हणजे ९,०००, एक भाग ३,०००. उत्पन्ने ३०,००० आणि २४,०००, खर्च २१,००० आणि १५,०००. पहिल्या प्रश्नात दोन्ही फरक मुळातच एक-एक होते, म्हणून काही करावे लागले नाही. आणि बचती वेगवेगळ्या दिल्या असतील, तर ही रीत सोडूनच द्यायची. सरळ दोन समीकरणे मांडून सोडवणे तिथे लवकर होते. झटपट रीत केव्हा सोडायची हे माहीत असणे हाही वेग वाढवण्याचाच भाग आहे.

मिश्रणाची तिरकस रीत विद्यार्थ्यांना फार आवडते, आणि ती आहेही सुंदर. एका शाळेत मुलींचा निकाल ७० टक्के, मुलांचा ५५ टक्के, शाळेचा एकूण ६१ टक्के. तर मुली आणि मुले यांच्या संख्यांचे गुणोत्तर किती? वर डावीकडे ७०, उजवीकडे ५५, मध्ये ६१ लिहायचे आणि तिरके फरक काढायचे. ६१ वजा ५५ म्हणजे ६, हे मुलींखाली. ७० वजा ६१ म्हणजे ९, हे मुलांखाली. ६:९, म्हणजे २:३. पडताळा: दोन गुणिले ७० आणि तीन गुणिले ५५ मिळून ३०५, पाचाने भागले की ६१.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे बाजू उलट्या होणे. पर्यायांत २:३ आणि ३:२ दोन्ही असतात, आणि फरक तिरका लिहायचा की सरळ हे ऐन वेळी आठवत नाही. त्यावर खात्रीची कसोटी आहे. सरासरी ज्याच्या जवळ, त्याची संख्या जास्त. ६१ हे ७० पेक्षा ५५ च्या जवळ आहे, म्हणजे मुलेच जास्त असणार. ही कसोटी मिश्रणाच्या कोणत्याही प्रश्नाला लागते आणि तिला पाठांतर लागत नाही. एक मर्यादा मात्र आहे: ज्या संख्यांचे गुणोत्तर येते त्या या टक्क्यांच्या पायाच्या असतात. निकालाचे टक्के परीक्षेला बसलेल्यांचे असतील, तर आलेले २:३ हेही बसलेल्यांचेच गुणोत्तर, पटावरच्या मुलामुलींचे नव्हे. प्रश्नात गैरहजर विद्यार्थ्यांचा उल्लेख आला की हे हटकून विचारलेले असते.

आता सरावसंचाविषयी. बाजारातल्या बहुतेक संचांची मांडणी अशी असते: वर सूत्राची चौकट, खाली त्याच सूत्राची तीस-चाळीस उदाहरणे. पहिली दोन-तीन सोडवली की हात आपोआप चालतो आणि संच बरोबर येतो. पण अशा संचात सगळ्यांत अवघड काम, म्हणजे हा प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे, मथळ्यानेच करून टाकलेले असते. परीक्षेत प्रश्नावर मथळा नसतो. म्हणून रीत समजेपर्यंत मथळ्याखालची सहा-सात उदाहरणे पुरे. त्यानंतर वेगवेगळ्या मथळ्यांखालचे प्रश्न उचलून, मिसळून, मथळे झाकून सोडवावेत. उत्तरतालिकेशी ताडताना नुसती बरोबर-चूक खूण करू नये. चुकलेल्या प्रश्नापुढे दोन शब्दांत कारण लिहावे: ‘पाया चुकला’, ‘भाग सारखे केले नाहीत’, ‘अर्ध्यावर थांबलो’, ‘आकडेमोड’. आठवड्याने हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला की नेमके काय दुरुस्त करायचे ते दिसते. आकडेमोडीच्या चुका जास्त असतील तर अपूर्णांकांकडे वळावे, पायाच्या जास्त असतील तर आणखी सूत्रे पाठ करून उपयोग नाही. प्रश्नातला प्रत्येक ‘टक्के’ अधोरेखित करून त्याच्यावर ‘कशाचे’ ते लिहायची सवय लावावी. सुरुवातीला यात वेळ जातो. हळूहळू पेन्सिल टेकवण्याची गरज राहत नाही.

मथळे नसलेला एक छोटा संच इथेच देतो. प्रश्न चार, वेळ चार मिनिटे.

तांदळाचा भाव २० टक्क्यांनी उतरल्यामुळे ३०० रुपयांत पूर्वीपेक्षा दीड किलो तांदूळ जास्त मिळतो. तर नवा भाव किलोला किती?

एकाचा पगार दुसऱ्यापेक्षा २० टक्क्यांनी कमी आहे. तर दुसऱ्याचा पगार पहिल्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त आहे?

४५ लिटर मिश्रणात दूध आणि पाणी ४:१ आहे. ते ३:२ करायला किती लिटर पाणी घालावे?

एका कार्यालयात ६० टक्के पुरुष आणि बाकी महिला आहेत. पुरुषांपैकी २५ टक्के आणि महिलांपैकी ४० टक्के कर्मचारी रेल्वेने येतात. तर एकूण किती टक्के कर्मचारी रेल्वेने येतात?

पहिल्यात ३०० रुपये हा खर्च स्थिर. भाव ५:४, म्हणून तांदूळ ४:५. वाढलेला एक भाग दीड किलो, तर आता मिळतात पाच भाग, साडेसात किलो. ३०० भागिले साडेसात, नवा भाव ४० रुपये. पूर्वीचा ५० होता. प्रश्न ‘नवा’ भाव विचारतो, आणि ५० हा पर्याय त्यासाठीच ठेवलेला असतो. दुसऱ्यात पाचाचे चार झाले, उलट बघताना चाराचे पाच, म्हणून २५ टक्के. तिसऱ्यात दूध स्थिर: ३६ लिटर. नव्या मिश्रणात हे तीन भाग, एक भाग १२, पाणी हवे २४, आधीचे ९ आहे, तर घालायचे १५ लिटर. चौथ्यात २५ आणि ४० यांची सरासरी काढून साडेबत्तीस लिहिले असेल, तर पाया सुटला. ते टक्के अनुक्रमे पुरुषांचे आणि महिलांचे आहेत. शंभर कर्मचारी धरले तर ६० पुरुषांतले १५ आणि ४० महिलांतल्या १६, मिळून ३१ टक्के. पुरुष जास्त आहेत, म्हणून उत्तर ४० पेक्षा २५ च्या जवळ यायला हवे; ३१ तसे आहे, साडेबत्तीस नाही.